शनिवारवाड्याचा मंगळवार

पुण्याच्या जुन्या पेठांतली वारसाफेरी बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी सुरू होते. वाडा पाहून झाला की लाल महाल, मग बुधवार पेठेतल्या गल्ल्या आणि शेवटी विश्रामबागवाडा. रमतगमत चालले तरी सकाळच्या दोन तासांत एवढी फेरी पुरी होते. हीच फेरी निवेदनासह चित्रित करायची म्हटली, की कामाचे तीन पदर पडतात. एक, वाटेत सांगायच्या कथा. दुसरा, वाटेवरची दृश्ये. आणि तिसरा, तारखा. तारखा चुकल्या तर जाणकार लगेच बोट ठेवतात, म्हणून निवेदक निदान त्यांची काळजी तरी घेतात. दृश्ये चुकतात तेव्हा मात्र ते फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिली अडचण पहिल्याच थांब्यावर येते. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली, असे बहुतेक पुस्तके सांगतात. तो दिवस शनिवार होता म्हणून शनिवारवाडा, ही परंपरेने चालत आलेली माहितीही त्यासोबत येते. आता एखाद्या चोखंदळ निवेदकाने फोनवरच्या कॅलेंडरमध्ये १७३० सालचा जानेवारी उघडला, तर १० तारखेला वार दिसतो मंगळवार. तारीख खरी धरावी तर वार खोटा ठरतो आणि वार खरा धरावा तर तारीख. मग निवेदनातून वार गुपचूप गाळला जातो किंवा सगळीच गोष्ट दंतकथा म्हणून सोडून दिली जाते.

खरे तर चूक ना तारखेत आहे, ना वारात. त्या काळी इंग्रज ज्युलियन, म्हणजे जुनी कालगणना वापरत. ब्रिटिश राज्यात नवी ग्रेगोरियन कालगणना आली १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला आणि मधल्या अकरा तारखा वगळल्या गेल्या. मराठ्यांच्या इतिहासातल्या १७५२ पूर्वीच्या घटनांच्या इंग्रजी तारखा इतिहासकारांनी बहुतेक करून या जुन्या पद्धतीनेच दिल्या आहेत. फोनमधले कॅलेंडर नवी पद्धत तशीच मागे ओढत नेते, त्यामुळे त्याच्या लेखी १७३० सालचा १० जानेवारी हा वेगळाच दिवस असतो. जुन्या १० जानेवारीत अकरा दिवस मिळवले की नव्या पद्धतीची २१ जानेवारी १७३० ही तारीख येते आणि त्या दिवशी शनिवारच आहे.

दुसरा पुरावा तिथीचा. पायाभरणीची तिथी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ अशी दिली जाते. शकाचे इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. माघ हा वर्षाच्या शेवटच्या टप्प्यातला महिना असल्याने येथे ७९ मिळवायचे आणि उत्तर येते १७३०. घाईत ७८ मिळवले तर वाडा वर्षभर आधीच उभा राहतो. ही चूक पुष्कळ ठिकाणी होते, आणि एकदा छापली गेली की पुढचे लेखक ती विश्वासाने उचलतात. मग चंद्राचा हिशेब. नव्या पद्धतीच्या २१ जानेवारी १७३० च्या दोनअडीच दिवस आधी अमावास्या झालेली होती, त्यामुळे त्या दिवशी तृतीया येणे बरोबर जुळते. तिथी, वार आणि तारीख या तिन्ही गोष्टी एकाच दिवसावर येऊन मिळाल्या की त्या तारखेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. वास्तुशांतीची तारीख २२ जानेवारी १७३२ अशी आहे. तिलाही हीच कसोटी लावली तर पुन्हा शनिवारच येतो.

हा ताळा घरबसल्या करता येतो. छापील जंत्री असेल तर उत्तमच. एल. डी. स्वामीकन्नू पिल्लई यांच्या ‘अॅन इंडियन एफेमेरिस’ या ग्रंथात इसवी सन ७०० ते १७९९ पर्यंतच्या तिथी, वार आणि तारखा यांचा मेळ घातलेला आहे. पण जंत्रीला मर्यादाही आहे. ती दिवस जुळतो की नाही एवढेच सांगते, त्या दिवशी ती घटना घडली की नाही हे सांगू शकत नाही. एखाद्याने तारीख मुळात कल्पनेनेच रचली असेल आणि तिथी जंत्रीत पाहून चिकटवली असेल, तर ती जंत्रीला जुळणारच. म्हणून तिथी कोणत्या कागदातून आली हे पाहणे टळत नाही. समकालीन पत्र किंवा दफ्तरातली नोंद पहिल्या पंक्तीला बसते. घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली बखर तिच्यामागे, १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणखी मागे आणि दरवाजाजवळची पाटी सगळ्यांच्या मागे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. पुण्याच्या फेरीचे निवेदन लिहिणाऱ्याने निदान त्यांच्या सूच्या तरी चाळाव्यात.

दिल्ली दरवाजातून आत शिरले की फेरीतली सगळ्यात गाजलेली कथा येते, नारायणराव पेशव्यांच्या खुनाची. इथे कॅलेंडर पालटलेले असते. खुनाची तारीख ३० ऑगस्ट १७७३, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५, वार सोमवार. १७५२ नंतरची असल्याने ही तारीख नव्या पद्धतीची आहे आणि फोनवरचे कॅलेंडरही निमूट सोमवार दाखवते. पायाभरणीसाठी मिळवलेले अकरा दिवस इथेही मिळवायचे, ही नव्याने शिकलेल्याची हमखास चूक. एकाच वाड्यातल्या दोन घटनांना दोन नियम लागतात, हे संहितेच्या समासात ठळक लिहून ठेवावे.

कथेत मात्र कॅलेंडरचा उपयोग नाही. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ असा शब्द होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून तो ‘मारावे’ केला, ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असते. असा खाडाखोड केलेला मूळ कागद मात्र पुढे आलेला नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, हे इतिहासात पक्के आहे. सुमेरसिंग गारद्याचे नावही पक्के आहे. एका अक्षराची गोष्ट मात्र लोकांनी सांगितलेली म्हणूनच सांगावी. ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द पुरतात, पण ते गोष्टीच्या आधी हवेत. शेवटी टाकले तर ऐकणाऱ्याच्या मनात गोष्ट एव्हाना खरी होऊन बसलेली असते. एखादीला खुनी ठरवणारी गोष्ट सांगताना तर ही काळजी जास्तच घ्यायला हवी, मग तिला अडीचशे वर्षे का लोटलेली असेनात.

या कथेला जोडून येणारी भुताची गोष्ट, पौर्णिमेच्या रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते ती, निवेदनातून गाळता येत नाही. फेरीला आलेली मंडळी तिची वाटच पाहत असतात. ती सांगायला हरकतही नाही. मात्र तिच्यामुळे एक वस्तुस्थिती हटकून बिघडते. हाक मारणारा नारायणराव निवेदनात बघता बघता दहा-बारा वर्षांचे पोर होऊन जातो. प्रत्यक्षात ऑगस्ट १७५५ मध्ये जन्मलेले नारायणराव खुनाच्या वेळी अठरा वर्षांचे होते. त्यांचे लग्न झालेले होते, पत्नी गंगाबाई गरोदर होत्या आणि पेशवेपदावर त्यांना नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. गंगाबाईंच्या पोटी पुढे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि कारभाऱ्यांनी त्यांच्या नावाने रघुनाथरावांना सत्तेबाहेर ठेवले. पोरक्या मुलाच्या भुतापेक्षा हा राजकीय धागा अधिक थरारक आहे, पण फेऱ्यांमध्ये तो क्वचितच ऐकायला मिळतो.

वाड्याच्या नाशाबद्दलही एक कथा फार पसरलेली आहे. वाडा सात मजली दगडी होणार होता. पहिला मजला झाल्यावर दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याहून आली. म्हणून वरचे मजले विटांचे झाले. पुढे इंग्रजांच्या तोफांनी विटांचे मजले कोसळले आणि दगडी तेवढे उरले. ऐकायला गोष्ट झकास आहे, पण शेवटच्या टोकाला ती तारखांवर आपटते. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला. १६ नोव्हेंबरच्या येरवड्याच्या लढाईनंतर दुसरे बाजीराव पुण्याबाहेर पडले आणि १७ तारखेला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, शहराला वेढा न पडता. वाडा जळाला तो त्यानंतर दहा वर्षांनी. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत होती, असे सांगतात. लाकडी खांब, तुळया आणि तक्तपोशी यांचा वाडा आगीत कसा जाईल, हे समजायला तोफा लागत नाहीत. दगडी जोती, तट आणि दरवाजे तेवढे मागे राहिले. अनेक माहितीपत्रकांत हा दगड ग्रॅनाइट म्हणून येतो. पुण्याच्या आसपास ग्रॅनाइट मिळत नाही. हा सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा.

आता दृश्यांकडे. निवेदनातले वाक्य आणि पडद्यावरचे चित्र एकत्र आले की पाहणारा त्या दोन्हींची सांगड घालतो. ‘१७३० साली बाजीरावांनी येथे वाडा बांधायला घेतला’ या वाक्यावर दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना दाखवला, तर वाक्य खरे असूनही पाहणारा चुकीची माहिती घेऊन जातो. तटबंदी आणि बुरुजांचे काम पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरे झाले. १७३० च्या वाक्यावर दाखवायचे तर आतली जोती दाखवावीत, आणि त्यांतलीही नेमकी कोणत्या काळातली हे विचारून घ्यावे. मधली हिरवळ आणि आखीव वाफे तर विसाव्या शतकातले. म्हणून संहितेच्या प्रत्येक वाक्यासमोर पडद्यावर काय दिसणार आणि ते केव्हाचे, अशी आणखी एक नोंद हवी. चित्रण करून झाल्यावर नव्हे, त्याआधी.

दिल्ली दरवाजाचे चित्रण करण्यात छायाचित्रकाराचीही एक पंचाईत आहे. दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि दरवाजाचा दर्शनी भाग सावलीत राहतो. मागे मात्र आकाश लख्ख असते. कॅमेऱ्याने आकाश सांभाळले तर दरवाजावरचे खिळे काळ्या ढिगाऱ्यात हरवतात आणि दरवाजा सांभाळला तर आकाश पांढरेफटक पडते. सूर्य उगवायच्या थोडे आधी, आकाशाची झळाळी कमी असताना, हे चित्र साधते. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळी सूर्य उत्तरेकडे झुकलेला असल्याने तिरपे ऊन दरवाजावर येते आणि खिळ्यांच्या सावल्या पडतात. प्रत्येक फळीवर ७२ खिळे, नऊ आणि आठच्या ओळींत बसवलेले आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. तिरप्या उन्हात एकेक खिळा मोजता येतो आणि हत्तीचा विषय निघाला की पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. वाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिपाई लावून चित्रण करायचे तर परवानगी आधी काढावी लागते. ऐन वेळी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून काही होत नाही.

आतला हजारी कारंजा सोळा पाकळ्यांच्या कमळाचा आहे. तोट्यांचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. कोणी प्रत्येक पाकळीला सोळा धरून २५६ म्हणतो, कोणी दोनशेच्या आत थांबतो. निवेदनात सोळा पाकळ्या म्हणाव्यात, कारण त्या समोर मोजता येतात, आणि पुढे जावे.

वाड्यातून बाहेर पडून लाल महालाकडे येताना कॅमेरा खांद्यावरच चालू ठेवावा. थांब्यांमधला रस्ता दाखवणारी ही दृश्ये नसली तर पाहणाऱ्याला दोन वास्तूंमधले अंतर कळत नाही. मात्र त्यांवर गोष्ट सांगू नये. मराठी निवेदनाचा आरामाचा वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांचा असतो. रस्त्यावरच्या दोन मिनिटांत गोष्ट घुसवली तर रिक्षांच्या हॉर्नमध्ये अर्धी विरते आणि चालणाऱ्यांचे लक्षही पायाखालच्या फरशीकडे असते. रस्त्यावर दिशा सांगावी, पेठेचे नाव सांगावे आणि गप्प राहावे. शहराचा आवाज पुरेसा बोलका असतो.

लाल महालात चित्राने फसवण्याचा धोका सगळ्यात मोठा. शहाजीराजांनी बांधलेला, जिजाबाई आणि शिवाजी महाराज ज्यात राहिले तो मूळ वाडा उरलेला नाही. समोर दिसते ती वास्तू पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. तरीही फेरीत कोणी ना कोणी खिडकीकडे बोट दाखवून ‘इथूनच शाहिस्तेखान पळाला’ असे सांगतोच. शाहिस्तेखानावरच्या छाप्याची तारीख ५ एप्रिल १६६३ आणि तिथी चैत्र शुद्ध अष्टमी, म्हणजे रामनवमीची आदली रात्र. ही तारीख जुन्या पद्धतीची. सतराव्या शतकात दोन पद्धतींमधला फरक अकरा नव्हे, दहा दिवसांचा होता, म्हणून नव्या पद्धतीने ती १५ एप्रिल होते. वार रविवार, आणि चंद्राचा हिशेब घेतला तर अष्टमीच येते. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला, हे सांगताना कॅमेरा नव्या खिडकीवर आणला की सगळी पडताळणी वाया जाते. त्याऐवजी वास्तू लांबून दाखवावी आणि ‘ही वास्तू मूळ वाड्याच्या स्मरणार्थ अलीकडे बांधलेली आहे’ हे वाक्य छाप्याच्या गोष्टीच्या आधी यावे. छाप्यासाठी जिजामाता उद्यानाकडून दिसणारी रात्रीची पेठ किंवा नुसता काळोख पुरेसा आहे.

बुधवार पेठेत भिडेवाड्यापाशी अडचण उलटी होते; इथे दाखवायला काही उरलेले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ साली सुरू केली ती या वाड्यात. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडण्यात आला. जुने छायाचित्र वापरावे लागते आणि त्यावर ते केव्हाचे आहे ते लिहावे लागते, नाहीतर फेरीला गेलेला माणूस छायाचित्रातला वाडा शोधत फिरतो. तारखेचा प्रश्नही सोपा नाही. १ जानेवारी १८४८ हा दिवस सर्रास सांगितला जातो, काही चरित्रांत ऑगस्ट १८४८ येतो, आणि कधीकधी ३ जुलै १८५१ सुद्धा. यातली शेवटची तारीख वेगळ्याच शाळेची आहे, बुधवार पेठेतल्याच चिपळूणकरांच्या वाड्यातल्या. दोन शाळा एक केल्यामुळे हा गोंधळ झाला. निवेदकाने ‘१८४८ साली’ म्हणावे. सगळी साधने निदान वर्षावर एकमत आहेत आणि ऐकणाऱ्यालाही तेवढे पुरते.

विश्रामबागवाड्यालाही हीच रीत लागू पडते. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्याचे साल बहुतेक ठिकाणी १८०७ दिले जाते, पण कामाला काही वर्षे लागली आणि १८०७ हे आरंभाचे की समाप्तीचे, यावर लेखकांत मेळ नाही. ‘एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात’ म्हटले की वाद मिटतो. पुढची दोन साले मात्र नेमकी सांगता येतात. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज आले. आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला. म्हणजे वाड्यातला जो भाग आज पाहायला मिळतो तो सगळा बाजीरावांच्या काळचा नाही. कॅमेरा दर्शनी बाजूच्या कोरीव सज्जावर आणि सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांवर ठेवावा, आणि मागच्या भागाकडे वळताना दुरुस्तीचा उल्लेख करावा.

संहिता वाचून घ्यायची ती अशा माणसाकडून, ज्याला वास्तू माहीत नाही. त्याच्या हातात चित्रे नसतात, फक्त आवाज असतो. त्याने ऐकून झाल्यावर सांगितलेल्या तारखा लिहून दाखवाव्यात. त्याने १७७३ चे १७३७ केले, तर ती चूक त्याची नसते. तिथे निवेदकाने दोन आकडे फार जवळ ठेवलेले असतात. पडद्यावर साल लिहून दाखवले तर हा प्रश्न सुटतो, पण लिहिलेले साल आणि बोललेले साल एकाच पानावरून घेतले आहे का, हे शेवटच्या दिवशीही पुन्हा तपासावे लागते.